निष्कर्ष आणि शिफारशी: सार्वजनिक आरोग्याच्या शोधप्रबंधातील शेवटचे प्रकरण

निष्कर्ष म्हणजे अभ्यासाच्या उद्दिष्टात विचारलेल्या प्रश्नाला माहितीने दिलेले उत्तर. शिफारस म्हणजे त्या उत्तराच्या आधाराने कोणी काय करावे याची सूचना. शोधप्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात या दोनच गोष्टी असतात. आधीच्या प्रकरणांची कामे वेगळी असतात. निरीक्षणांचे प्रकरण आकडे मांडते. चर्चेचे प्रकरण त्या आकड्यांचा अर्थ लावते, इतर अभ्यासांशी तुलना करते आणि त्रुटी सांगते. शेवटच्या प्रकरणात नवा आकडा, नवा संदर्भ किंवा नवा युक्तिवाद येत नाही. मागे जे सिद्ध झाले तेवढेच इथे उचलले जाते.

या प्रकरणात दोन दोष वारंवार दिसतात. पहिला दोष असा, की निष्कर्षांच्या नावाखाली सारण्यांतील टक्केवारी पुन्हा उतरवली जाते आणि प्रश्नाचे उत्तर बाजूला राहते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ‘जनजागृती करावी’, ‘शासनाने लक्ष घालावे’, ‘आहारात सुधारणा करावी’ अशा शिफारशी येतात आणि त्या अभ्यासातील कोणत्याच निरीक्षणावर उभ्या नसतात. अभ्यास झाला नसता तरी त्या तशाच लिहिता आल्या असत्या. दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. उद्दिष्ट, निरीक्षण, निष्कर्ष आणि शिफारस ही साखळी मध्येच तुटलेली असते.

ही साखळी कशी जोडायची हे एका उदाहरणातून पाहणे सोपे जाते. खालील अभ्यास आणि त्यातील आकडे काल्पनिक आहेत. मात्र अशा विषयावरचे प्रबंध सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या विभागांत आणि सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत नेहमी लिहिले जातात.

उदाहरणाचा अभ्यास

एका आदिवासी तालुक्यातील तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या, शेवटच्या तिमाहीतील ३०० गरोदर स्त्रियांचा क्रॉस-सेक्शनल अभ्यास झाला असे समजू. प्रत्येक केंद्रातून १०० स्त्रिया घेतल्या. उद्दिष्टे तीन होती: अ‍ॅनिमियाचे प्रमाण काढणे, लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या नियमित घेण्याशी त्याचा संबंध पाहणे, आणि गोळ्या नियमित न घेण्याची कारणे शोधणे.

हिमोग्लोबिन ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर अ‍ॅनिमिया, हा जागतिक आरोग्य संघटनेचा गरोदरपणासाठीचा निकष वापरला. मागच्या सात दिवसांपैकी किमान पाच दिवस गोळी घेतली असेल तर ‘नियमित’ धरले. ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गरोदरपणात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असलेली गोळी रोज एक, अशी १८० दिवस द्यायची असते. म्हणजे या अभ्यासातील ‘नियमित’चा निकष कार्यक्रमातील रोजच्या गोळीच्या अपेक्षेपेक्षा थोडा सैल आहे.

३०० पैकी १६८ स्त्रियांना, म्हणजे ५६ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. या प्रमाणाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल सुमारे ५० ते ६२ टक्के आहे. गोळ्या नियमित घेणाऱ्या १२० स्त्रियांपैकी ५४ जणींना (४५ टक्के) अ‍ॅनिमिया होता. नियमित न घेणाऱ्या १८० पैकी ११४ जणींना (६३ टक्के) होता. या १८० जणींनी सांगितलेले मुख्य कारण ८१ जणींच्या बाबतीत मळमळ किंवा पोटाचा त्रास हे होते, ५४ जणींच्या बाबतीत गोळ्या संपल्या किंवा मिळाल्या नाहीत हे होते, २७ जणी विसरत होत्या आणि १८ जणींच्या घरून विरोध होता. गोळ्या न मिळालेल्या ५४ पैकी ४२ स्त्रिया एकाच केंद्रातील होत्या. त्याला ‘केंद्र क’ म्हणू. गोळीचा त्रास झाला तर काय करावे हे आरोग्यसेविकेने किंवा आशाने सांगितल्याचे १०५ स्त्रियांना आठवत होते. त्यांपैकी ६३ जणी (६० टक्के) नियमित होत्या. तसे न सांगितलेल्या १९५ पैकी ५७ जणीच (२९ टक्के) नियमित होत्या.

लिहिण्याआधी: चार रकान्यांचा तक्ता

प्रकरणाचे पहिले वाक्य लिहिण्याआधी एका कागदावर चार रकाने आखावेत. हा तक्ता प्रबंधात छापला नाही तरी चालतो, पण सगळे प्रकरण त्यावरच उभे राहते.

| उद्दिष्ट | निरीक्षण | निष्कर्ष | शिफारस |
|---|---|---|---|
| अ‍ॅनिमियाचे प्रमाण | ३०० पैकी १६८ | तपासणीला येणाऱ्यांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक स्त्रियांत अ‍ॅनिमिया | (थेट शिफारस निघत नाही) |
| गोळ्यांशी संबंध | ४५ टक्के व ६३ टक्के | नियमित न घेणाऱ्यांत अ‍ॅनिमिया अधिक | प्रत्येक भेटीत गोळ्या घेतल्या का याची नोंद |
| न घेण्याची कारणे | मळमळ ८१, गोळ्या नाहीत ५४ | त्रास आणि उपलब्धता ही मुख्य कारणे | त्रासाबद्दल सल्ला. केंद्र क मध्ये साठ्याची तपासणी |

या तक्त्यातून दोन गोष्टी लगेच कळतात. एखाद्या उद्दिष्टासमोर निष्कर्षाचा रकाना रिकामा राहिला, तर प्रबंधाने घेतलेला प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. एखाद्या शिफारशीच्या डाव्या बाजूला निरीक्षणच नसेल, तर ती शिफारस अभ्यासाबाहेरून आली आहे. प्रत्येक निरीक्षणातून शिफारस निघालीच पाहिजे असा मात्र नियम नाही. अ‍ॅनिमियाचे प्रमाण किती आहे हे कळल्याने काय करावे हे कळत नाही. ते कारणांच्या माहितीतून कळते. त्यामुळे पहिल्या ओळीचा शेवटचा रकाना प्रामाणिकपणे रिकामा ठेवावा. तो भरण्याच्या घाईतच ‘जनजागृती करावी’ हे वाक्य जन्माला येते.

निष्कर्षात कोण, कुठे आणि केव्हा

निष्कर्षाचे वाक्य ज्यांचा अभ्यास झाला त्यांच्यापुरतेच बोलते. वरील अभ्यासात फक्त तपासणीला आलेल्या आणि शेवटच्या तिमाहीतील स्त्रिया होत्या. तपासणीला न येणाऱ्या, पाड्यांवर दूर राहणाऱ्या, कामासाठी स्थलांतर केलेल्या स्त्रिया त्यात नव्हत्या. म्हणून ‘तालुक्यातील ५६ टक्के गरोदर स्त्रिया अ‍ॅनिमियाग्रस्त आहेत’ हे वाक्य चुकीचे ठरते. ‘तीन केंद्रांत तपासणीला आलेल्या, शेवटच्या तिमाहीतील स्त्रियांपैकी सुमारे ५६ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया होता’ हे बरोबर आहे. बाहेर राहिलेल्या स्त्रियांत प्रमाण जास्त असण्याची शक्यता चर्चेत मांडता येते. निष्कर्षात ती तथ्य म्हणून येऊ शकत नाही.

तुलनेच्या बाबतीतही अशीच चूक होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला होता. ५६ हा आकडा ५२ पेक्षा मोठा दिसतो आणि ‘या तालुक्यात प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा अधिक आहे’ असा निष्कर्ष लिहिण्याचा मोह होतो. पण अभ्यासातील अंदाजाचा पल्ला ५० ते ६२ आहे आणि ५२.२ त्याच्या आतच पडते. शिवाय राष्ट्रीय सर्वेक्षण घरोघरी झाले आणि त्यात सर्व महिन्यांच्या गरोदर स्त्रिया होत्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून वरखालीचा निवाडा करता येत नाही.

संबंध आणि कारण

निष्कर्षाची भाषा किती ठाम असावी हे अभ्यासाच्या आराखड्यावर ठरते. एकाच वेळी सगळे मोजणाऱ्या क्रॉस-सेक्शनल अभ्यासात ‘आढळले’, ‘प्रमाण अधिक होते’, ‘संबंध दिसला’ ही क्रियापदे शोभतात. ‘मुळे’, ‘कारणीभूत’, ‘परिणाम झाला’ हे शब्द कार्यकारणभाव सांगतात. ‘वाढला’ आणि ‘कमी झाला’ ही क्रियापदे तर काळानुसार झालेला बदल सांगतात, आणि एकदाच मोजलेल्या गोष्टीत बदल दिसूच शकत नाही. मराठीत ‘मुळे’ हा शब्द लिहिण्याच्या ओघात सहज येतो. म्हणून प्रकरण पूर्ण झाल्यावर केवळ हा एक शब्द शोधत सगळा मजकूर वाचावा आणि प्रत्येक ठिकाणी तो टिकतो का हे तपासावे.

‘गोळ्या नियमित न घेतल्यामुळे अ‍ॅनिमिया झाला’ हे वाक्य वरवर योग्य वाटते. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढते हे इतर अभ्यासांतून सिद्धही झाले आहे. तरी या अभ्यासाने ते दाखवलेले नाही. ज्या स्त्रीला फार मळमळ होते ती गोळीही टाळते आणि पुरेसे जेवतही नाही. तिच्या अ‍ॅनिमियाचे कारण या दोन्हींपैकी कोणते, हे या माहितीतून वेगळे करता येत नाही. उलट दिशेनेही गोंधळ होतो. हिमोग्लोबिन कमी निघालेल्या स्त्रीला आरोग्यसेविका गोळ्या घेण्याचा जास्त आग्रह धरते, त्यामुळे अ‍ॅनिमिया असलेल्या काही स्त्रिया ‘नियमित’ गटात जातात आणि दोन गटांतला फरक खऱ्याहून लहान दिसतो. म्हणून निष्कर्ष असा लिहावा: ‘गोळ्या नियमित न घेणाऱ्या स्त्रियांत अ‍ॅनिमियाचे प्रमाण नियमित घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले.’ कार्यकारणभावाचा आधार हवा असेल तर तो चर्चेच्या प्रकरणात, इतरांच्या प्रयोगात्मक अभ्यासांचा संदर्भ देऊन घ्यावा.

दुप्पट, दीडपट आणि ऑड्स रेशो

आकडा बरोबर असूनही वाक्य चुकते, अशी एक जागा विशेष जपावी लागते. वरील माहितीवरून संगणक ऑड्स रेशो २.११ देतो. प्रबंधात लगेच लिहिले जाते, ‘गोळ्या नियमित न घेणाऱ्यांत अ‍ॅनिमियाचा धोका दुपटीहून अधिक.’ प्रत्यक्षात प्रमाण ४५ वरून ६३ टक्के आहे, म्हणजे १.४१ पट. ऑड्स म्हणजे आजार असलेल्यांची संख्या भागिले नसलेल्यांची संख्या. आजार विरळ असेल तेव्हाच ऑड्सची तुलना आणि प्रमाणांची तुलना जवळजवळ सारखी येते. अ‍ॅनिमिया निम्म्या स्त्रियांत आहे, त्यामुळे इथे ऑड्स रेशो फरक बराच फुगवून दाखवतो.

यावर उपाय सोपा आहे. निष्कर्षात गुणोत्तराऐवजी दोन्ही गटांची प्रत्यक्ष टक्केवारी द्यावी: ‘४५ टक्क्यांच्या तुलनेत ६३ टक्के’. गुणोत्तर द्यायचेच असेल तर प्रिव्हॅलन्स रेशो द्यावा आणि त्याचा पल्ला सोबत द्यावा. इथे तो १.४१ असून पल्ला सुमारे १.१ ते १.८ आहे. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ‘दर शंभरात अठरा स्त्रियांचा फरक’ हे कोणत्याही गुणोत्तरापेक्षा नीट कळते.

फरक न आढळणे

समजा शाळेत न गेलेल्या ८० स्त्रियांपैकी ४९ जणींना (६१ टक्के) आणि शिकलेल्या २२० पैकी ११९ जणींना (५४ टक्के) अ‍ॅनिमिया होता. सांख्यिकी कसोटीत हा फरक लक्षणीय ठरत नाही. ‘शिक्षणाचा अ‍ॅनिमियाशी संबंध नाही’ असा निष्कर्ष इथे सर्रास लिहिला जातो. पण सात टक्क्यांच्या या फरकाचा पल्ला काढला तर तो उणे पाचपासून अधिक वीस टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे फरक मुळीच नसेल किंवा चांगला मोठाही असेल, दोन्ही शक्यता माहितीत उघड्या आहेत. नमुन्याची संख्या अ‍ॅनिमियाचे प्रमाण काढण्यासाठी ठरवली होती, शिक्षणानुसार तुलना करण्यासाठी नाही. योग्य वाक्य असे होईल: ‘शिक्षणानुसार अ‍ॅनिमियाच्या प्रमाणात फरक आहे की नाही हे या नमुन्यावरून ठरवता आले नाही.’ असे निष्कर्षही लिहिलेच पाहिजेत. फक्त लक्षणीय निघालेले संबंध निवडून निष्कर्षात घेतले तर वाचकाला अभ्यासाचे चित्र चुकीचे दिसते.

मर्यादा निष्कर्षाच्या शेजारी

मर्यादांची सविस्तर यादी चर्चेच्या प्रकरणात असते. पण ज्या मर्यादेमुळे एखाद्या निष्कर्षाचा अर्थ बदलतो, ती त्या निष्कर्षाला लागूनच एका वाक्यात आली पाहिजे. निरीक्षणात्मक अभ्यासांच्या लेखनासाठी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रोब या सूचीतही मर्यादा लक्षात घेऊन सावध अर्थ लावावा असे स्पष्ट सांगितले आहे.

उदाहरणातील सल्ल्याविषयीचे निरीक्षण घ्यावे. सल्ला मिळाल्याचे आठवणाऱ्या स्त्रियांत नियमितपणा ६० टक्के आणि इतरांत २९ टक्के, हा फरक मोठा आहे. पण सल्ला मिळाला की नाही हे स्त्रियांच्या आठवणीवरून कळले आहे. जी रोज गोळी घेते तिला त्याबद्दल सांगितलेले जास्त लक्षात राहते. म्हणून निष्कर्षात ‘सल्ला मिळाल्याचे आठवणाऱ्या स्त्रियांत’ असेच लिहावे आणि ही माहिती स्त्रियांच्या सांगण्यावर आधारलेली आहे हे जोडावे.

जे मोजलेच नाही त्याची मर्यादा सर्वांत सहज विसरली जाते. या अभ्यासात आहार मोजलेला नाही, जंतांची तपासणी झालेली नाही आणि सिकलसेलची चाचणीही नाही. महाराष्ट्रातील आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो, त्यामुळे अ‍ॅनिमियाचा काही भाग लोहाच्या कमतरतेपेक्षा वेगळा असू शकतो. हिमोग्लोबिनच्या एका आकड्यावरून अ‍ॅनिमियाचा प्रकार कळत नाही. म्हणून निष्कर्षात सर्वत्र ‘अ‍ॅनिमिया’ लिहावे, ‘लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया’ लिहू नये.

शिफारशीची उलटी कसोटी

शिफारस अभ्यासातून निघाली आहे की आधीच ठरलेली होती, हे ओळखण्याची एक खात्रीची कसोटी आहे. संबंधित निरीक्षण नेमके उलट आले असते, तरी ही शिफारस तशीच लिहिली असती का, असा प्रश्न प्रत्येक शिफारशीला विचारावा. उत्तर ‘हो’ असेल तर ती शिफारस या अभ्यासाची नाही.

‘गरोदर स्त्रियांमध्ये अ‍ॅनिमियाविषयी जनजागृती करावी’ ही शिफारस कसोटीला लावली तर काय दिसते? अभ्यासात १८० पैकी फक्त १८ जणींनी घरच्या विरोधाचे कारण दिले आणि २७ जणी विसरत होत्या. गोळ्या घेण्याची गरजच वाटत नाही, असे कारण कोणाचेही नव्हते. मुख्य अडथळे मळमळ आणि गोळ्यांचा अभाव हे होते. जनजागृतीने यातले काहीच सुटत नाही. किंबहुना निरीक्षणे या शिफारशीच्या विरुद्ध बाजूने बोलतात. ‘परसबागेला प्रोत्साहन द्यावे’ हीदेखील अशीच बाहेरची शिफारस आहे, कारण आहाराची माहितीच गोळा केलेली नाही. परसबाग उपयुक्त असेलही, पण तिची बाजू मांडण्याचा अधिकार या प्रबंधाने मिळवलेला नाही.

याउलट ‘गोळीचा त्रास कसा कमी करावा हे प्रत्येक भेटीत सांगावे’ ही शिफारस कसोटीला उतरते. मळमळीचे कारण देणाऱ्या फक्त पाच जणी असत्या आणि सल्ला मिळालेल्यांत व न मिळालेल्यांत फरक नसता, तर ही शिफारस लिहिण्याचे कारणच उरले नसते.

कोणी, काय, कुठे आणि कशावरून

टिकणाऱ्या शिफारशीत चार गोष्टी असतात: करणारी व्यक्ती, नेमकी कृती, ठिकाण किंवा वेळ, आणि आधाराचे निरीक्षण. ‘शासनाने’ हा कर्ता जवळजवळ नेहमीच निरुपयोगी असतो, कारण शासनातील कोणत्या टेबलावर ती सूचना जाणार हे त्यातून कळत नाही. आरोग्य यंत्रणेत प्रत्येक कामाचा माणूस ठरलेला असतो. गोळ्या हातात देणारी आरोग्यसेविका, घरी जाणारी आशा, केंद्राचा साठा सांभाळणारा औषधनिर्माण अधिकारी, देखरेख करणारा वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांपैकी कोणाच्या अधिकारात ती कृती येते हे पाहून शिफारस लिहावी.

या कसोट्या लावून उदाहरणातील शिफारशी अशा लिहिता येतील:

१. गोळी दिल्यानंतर मळमळ, पोटदुखी किंवा बद्धकोष्ठता होते का, हे आरोग्यसेविकेने तपासणीच्या प्रत्येक भेटीत विचारावे. त्रास असल्यास गोळी जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेण्याचा सल्ला द्यावा आणि ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये हे सांगावे. (आधार: नियमित न घेणाऱ्या १८० पैकी ८१ जणींचे कारण त्रास हे होते, त्रासाबद्दल सल्ला आठवणाऱ्या स्त्रिया फक्त १०५.)

२. केंद्र क आणि त्याखालील उपकेंद्रे यांच्या साठा नोंदवहीतून मागील सहा महिन्यांतील गोळ्यांची आवक आणि वाटप तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तपासावे आणि तुटवडा कोणत्या पातळीवर पडतो हे ठरवावे. (आधार: गोळ्या न मिळालेल्या ५४ पैकी ४२ स्त्रिया या केंद्रातील.)

३. मागच्या सात दिवसांत किती गोळ्या घेतल्या, ही संख्या आशाने गृहभेटीत विचारून नोंदवावी. केवळ दिलेल्या गोळ्यांची संख्या पुरेशी मानू नये. (आधार: ३०० पैकी १८० स्त्रिया गोळ्या नियमित घेत नव्हत्या.)

दुसऱ्या शिफारशीत ‘गोळ्यांचा पुरवठा वाढवावा’ असे लिहिलेले नाही, याकडे लक्ष द्यावे. अभ्यासाने साठा नोंदवही पाहिलेली नाही. गोळ्या जिल्ह्यातूनच कमी आल्या, केंद्रात पडून राहिल्या की उपकेंद्रापर्यंत पोहोचल्या नाहीत, हे माहीत नाही. माहिती जिथे संपते तिथे योग्य शिफारस ‘तपासावे’ हीच असते. ती कमजोर दिसली तरी अधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी करता येते आणि तिच्यातून खरे कारण बाहेर येते.

किती पुराव्यावर किती मोठी शिफारस

सगळ्या शिफारशींना सारखा पुरावा लागत नाही. कृतीचा खर्च, धोका आणि ती मागे घेण्याची सोय यांवर पुराव्याची गरज ठरते. जेवणानंतर गोळी घ्यायला सांगणे स्वस्त आहे, त्यात अपाय नाही आणि ते सेविकेच्या कामाचाच भाग आहे. त्यासाठी एका क्रॉस-सेक्शनल अभ्यासातला संबंध पुरेसा आहे. पण याच निरीक्षणांवरून ‘गोळ्यांऐवजी सर्व गरोदर स्त्रियांना शिरेतून लोह द्यावे’ अशी शिफारस केली तर ती मोठी झेप ठरते. त्यात खर्च आहे, प्रशिक्षित माणूस लागतो, क्वचित गंभीर प्रतिक्रियेचा धोका आहे आणि अभ्यासाने त्याला स्पर्शही केलेला नाही.

धोरण बदलणारी शिफारस कोणत्या पायावर उभी राहते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन काळजी दिली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आलेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदरात तुलनात्मक गावांच्या मानाने ६२ टक्के घट दिसली. इथे ‘घट’ हा शब्द योग्य होता, कारण हस्तक्षेप होता, तुलनेचा गट होता आणि आधी व नंतर मोजमाप झाले होते. त्यानंतरही ही पद्धत गडचिरोलीबाहेर चालते का, हे महाराष्ट्रातील इतर सात ठिकाणी ‘अंकुर’ प्रकल्पात तपासले गेले. २०११ मध्ये आशांमार्फत नवजात बालकांची घरगुती काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. एका जिल्ह्यातल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यापासून देशाच्या कार्यक्रमापर्यंत बारा वर्षे आणि अनेक अभ्यास लागले. एका प्रबंधाने एका परिच्छेदात हे अंतर ओलांडू नये.

पुढील संशोधन

‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य काढून टाकावे. त्याऐवजी या अभ्यासाने उघडे ठेवलेले प्रश्न आणि ते सोडवण्याची पद्धत लिहावी. उदाहरणातून तीन प्रश्न निघतात. तपासणीला न येणाऱ्या स्त्रियांतील प्रमाणासाठी घरोघरी सर्वेक्षण हवे. अ‍ॅनिमियाचा प्रकार कळण्यासाठी फेरिटिन आणि सिकलसेलची चाचणी हवी. सल्ल्याने खरोखर नियमितपणा वाढतो का, हे कळण्यासाठी काही उपकेंद्रांत ठरावीक पद्धतीने सल्ला देऊन आणि काहींत नेहमीची पद्धत ठेवून तुलना करणारा अभ्यास हवा. या तिन्ही सूचना प्रबंधाच्या मर्यादांतूनच आल्या आहेत, त्यामुळे पुढच्या विद्यार्थ्याला त्यांवरून आराखडा तयार करता येतो.

शेवटची तपासणी

प्रकरण साधारण चार ते पाच पानांत बसावे. निष्कर्ष उद्दिष्टांच्याच क्रमाने आणि त्यांच्यापुरतेच असावेत. शिफारशी मोजक्या असाव्यात. वीस शिफारशी लिहिल्या की एकही अमलात येत नाही, आणि त्यांतल्या बहुतेकींना आधारही सापडत नाही. सुपूर्द करण्याआधी प्रकरणाची प्रत घेऊन प्रत्येक निष्कर्षासमोर समासात सारणीचा क्रमांक आणि प्रत्येक शिफारशीसमोर निष्कर्षाचा क्रमांक पेन्सिलने लिहावा. ज्या वाक्यासमोर क्रमांक लिहिता येत नाही ते वाक्य काढावे किंवा चर्चेच्या प्रकरणात हलवावे. हे काम विषयाबाहेरच्या एखाद्या सहाध्यायाला दिले तर अधिक चांगले, कारण लेखकाला न लिहिलेले दुवेही लिहिलेले भासतात.

तोंडी परीक्षेत परीक्षक या प्रकरणावर बहुतेक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: हे कशावरून? समासातल्या क्रमांकांनी त्याचे उत्तर आधीच तयार केलेले असते. ज्या विधानाला ते उत्तर देता येत नाही, त्याला या प्रकरणात जागा नाही.